दिवाळी अंकाचे वेळापत्रक : एक तारीख हलली की पुढच्या आपोआप हलाव्यात म्हणून

मंडळाचा दिवाळी अंक म्हणजे दहा-बारा कामांची साखळी असते. लेख संपादित झाल्याशिवाय अक्षरजुळणी सुरू होत नाही आणि अक्षरजुळणी झाल्याशिवाय मुद्रितशोधन होत नाही. जाहिराती हातात आल्याशिवाय पानांची मांडणी पक्की होत नाही. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या गावांत आणखी एक अडचण असते. मराठी नीट येणारा अक्षरजुळणीकार सहसा एखादाच मिळतो. प्रेसमध्ये 'ळ'चा 'ल' होतो, ऱ्हस्व-दीर्घ बदलतात, म्हणून मुद्रितशोधनाची एक फेरी पुरत नाही, दोन लागतात. अशा कामात एखादा लेख तीन दिवस उशिरा आला, तर प्रकाशनाचे काय होईल, हे तोंडी हिशेबाने सांगता येत नाही.

बहुतेक मंडळे यासाठी तारखांची यादी करतात: अमुक काम अमुक तारखेपर्यंत. पहिली तारीख चुकली की ती यादी निरुपयोगी होते, कारण खालच्या सगळ्या तारखा कोणीतरी बसून पुन्हा लिहाव्या लागतात आणि ते कोणी करत नाही. यावर उपाय सोपा आहे. तक्त्यात तारखा लिहायच्या नाहीत. कोणते काम कशानंतर आणि किती दिवसांचे, एवढेच लिहायचे. तारखा तक्त्याला काढू द्यायच्या. शेजारी प्रत्येक कामाची रंगीत पट्टीही त्यालाच रंगवू द्यायची. अशा पट्ट्यांच्या तक्त्याला अमेरिकन अभियंता हेन्री गँट (१८६१–१९१९) यांच्या नावावरून गँट चार्ट म्हणतात. त्यांच्या काळी तो कागदावर हाताने काढत. आज गूगल शीट किंवा एक्सेलमध्ये त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

या लेखात आम्ही २०२६ च्या दिवाळीचे उदाहरण घेतले आहे. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला. गणपतीच्या दहा दिवसांत अंकाचे काम होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून लेख तोवर हाती आले आहेत असे धरून काम विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी २६ सप्टेंबरला सुरू होते. प्रकाशन रविवारी १ नोव्हेंबरला आहे आणि त्या दिवसाचे सभागृह आधीच घेतलेले आहे.

तक्त्यात काय लिहायचे

पाचव्या ओळीत रकान्यांची नावे आणि सहाव्या ओळीपासून कामे, अशी मांडणी करू. A मध्ये कामाचा क्रमांक, B मध्ये काम, C आणि D मध्ये 'आधीचे काम' (जास्तीत जास्त दोन), E मध्ये 'याच्या आधी नको' अशी तारीख असेल तर ती, F मध्ये 'कोण' आणि G मध्ये दिवस. एवढे सात रकाने आपण भरायचे. पुढचे तीन तक्ता भरतो: H 'कधीपासून शक्य', I 'सुरुवात' आणि J 'शेवट'. K मध्ये, जिथे न हलणारी तारीख आहे तिथे 'ठरलेली तारीख' लिहायची. आपल्या उदाहरणात ती फक्त प्रकाशनाला आहे. क्रमांक आणि तारखा टाकताना मात्र इंग्रजी अंकच वापरावेत.

'कोण' या रकान्यात दोनच शब्द येतात: सभासद आणि प्रेस. हा भेद महत्त्वाचा आहे. सभासद नोकरी-धंदा सांभाळून काम करतात आणि त्यांचे खरे काम रविवारीच होते. प्रेसला रविवारीच सुट्टी असते. शिवाय प्रेस २ ऑक्टोबरला आणि दसऱ्याला, म्हणजे २० ऑक्टोबरला, बंद असेल. दोघांचे दिवस एकाच मापाने मोजले तर तक्ता पहिल्याच आठवड्यात चुकतो. प्रेसच्या सुट्ट्या `Suttya` नावाच्या वेगळ्या पानावर A2 पासून खाली लिहून ठेवाव्यात.

आपली दहा कामे अशी आहेत:

| क्र. | काम | आधीचे | कोण | दिवस |
|---|---|---|---|---|
| १ | लेखांची निवड व संपादन | – | सभासद | ६ |
| २ | अक्षरजुळणी | १ | प्रेस | ७ |
| ३ | जाहिराती गोळा करणे | – | सभासद | १२ |
| ४ | मुखपृष्ठ | – | सभासद | १० |
| ५ | पहिले मुद्रितशोधन | २ | सभासद | ४ |
| ६ | पानांची मांडणी | ५, ३ | प्रेस | ३ |
| ७ | अंतिम मुद्रितशोधन | ६ | सभासद | २ |
| ८ | छपाई | ७, ४ | प्रेस | ५ |
| ९ | बांधणी | ८ | प्रेस | ३ |
| १० | प्रकाशन | ९ | सभासद | १ |

ज्या कामाला 'आधीचे' काही नाही, त्याला E मध्ये तारीख द्यायलाच हवी. म्हणून १, ३ आणि ४ ला २६ सप्टेंबर लिहिले. प्रकाशनाला E मध्ये १ नोव्हेंबर लिहिले, कारण अंक आधी तयार झाला तरी समारंभ त्याच दिवशी होणार आहे. एक नियम मात्र पाळायचा: 'आधीचे काम' नेहमी वरच्या ओळीत असले पाहिजे. फॉर्म्युला फक्त वर बघतो, खाली बघत नाही. त्यामुळे 'मांडणी शोधनानंतर आणि शोधन मांडणीनंतर' अशी गोल फिरणारी चूक या तक्त्यात होऊच शकत नाही.

तारखा काढणारे तीन फॉर्म्युले

पहिला H6 मध्ये येतो. काम कोणत्या दिवसापासून शक्य आहे, हे तो सांगतो.

```
=MAX($E6,
 IF($C6="",0,INDEX($J$5:$J5,MATCH($C6,$A$5:$A5,0))+1),
 IF($D6="",0,INDEX($J$5:$J5,MATCH($D6,$A$5:$A5,0))+1))
```

याचा अर्थ साध्या मराठीत असा. तीन तारखा घे: 'याच्या आधी नको' ही तारीख, पहिले आधीचे काम संपल्याच्या दुसरा दिवस आणि दुसरे आधीचे काम संपल्याच्या दुसरा दिवस. त्यांतली सर्वांत उशिराची तारीख धर. सगळी साखळी या `MAX` वर उभी आहे. मांडणीला शोधनही हवे आणि जाहिरातीही हव्यात, म्हणून दोन्हींपैकी जे उशिरा संपेल त्याचीच वाट पाहावी लागते. `MATCH` कामाचा क्रमांक वरच्या ओळींत शोधतो आणि `INDEX` त्या कामाची शेवटची तारीख आणून देतो. क्रमांक सापडला नाही तर सेलमध्ये `#N/A` दिसते. ते दिसणे चांगलेच आहे, कारण चूक लपून राहत नाही.

दुसरा फॉर्म्युला I6 मध्ये येतो. तो त्या दिवशी प्रेस उघडी आहे का हे पाहतो.

```
=IF($F6="प्रेस",WORKDAY.INTL($H6-1,1,11,Suttya!$A$2:$A$10),$H6)
```

`WORKDAY.INTL` दिलेल्या तारखेपासून पुढचे कामाचे दिवस मोजतो. त्यातला 11 हा आकडा 'आठवड्यात फक्त रविवार सुट्टी' असे सांगतो. शेवटी सुट्ट्यांची यादी दिली आहे. हा फॉर्म्युला दिलेला दिवस स्वतः मोजत नाही, त्याच्या पुढच्या दिवसापासून मोजतो. म्हणून आपण एक दिवस मागे जाऊन (`$H6-1`) 'पुढचा एक कामाचा दिवस दे' असे विचारतो. H6 चा दिवस उघडा असेल तर तोच मिळतो, बंद असेल तर त्याच्या पुढचा उघडा दिवस मिळतो.

तिसरा J6 मध्ये येतो आणि काम कधी संपेल ते काढतो.

```
=IF($F6="प्रेस",WORKDAY.INTL($I6-1,$G6,11,Suttya!$A$2:$A$10),$I6+$G6-1)
```

इथे उणे एक का, याचे कारण तेच: सुरुवातीचा दिवसही कामाचाच असतो. ३ तारखेला सुरू झालेले तीन दिवसांचे काम ५ तारखेला संपते, ६ ला नाही. हे तीन सेल निवडून शेवटच्या कामापर्यंत खाली ओढले की तारखा तयार होतात. H, I, J मध्ये तारखांऐवजी ४६ हजारांच्या घरातले आकडे दिसले तर घाबरू नये. त्या रकान्यांना तारखेचे रूप द्यायचे राहिले आहे, एवढेच.

'प्रेस' हा शब्द हाताने टाइप करू देऊ नये. त्यामागे चुकून एक मोकळी जागा पडली तरी फॉर्म्युला तो वेगळा शब्द समजतो आणि त्या कामाचे रविवारही मोजतो. त्यात कुठेही त्रुटी दिसत नाही, फक्त तारीख चुकते. F रकान्याला Data validation ने दोन शब्दांची यादी द्यावी आणि त्यातूनच निवडावे.

आता साखळी वाचून पाहू

संपादन २६ सप्टेंबरला सुरू होऊन १ ऑक्टोबरला संपते. दुसऱ्या दिवशी गांधी जयंती, म्हणून अक्षरजुळणी शनिवारी ३ ऑक्टोबरला सुरू होते. मधला रविवार वगळून सात दिवस मोजले की ती शनिवारी १० तारखेला संपते. पहिले शोधन ११ ते १४, मांडणी १५ ते १७, अंतिम शोधन १८ आणि १९. वीस तारखेला दसरा, म्हणून छपाई २१ ला सुरू होते आणि रविवार धरून सोमवारी २६ ला संपते. बांधणी २७ ते २९. प्रकाशन १ नोव्हेंबरला. म्हणजे बांधणी संपल्यावर हातात ३० आणि ३१ ऑक्टोबर असे दोनच दिवस उरतात.

आणि जाहिराती? त्या ७ ऑक्टोबरला संपतात, पण मांडणी त्यांच्यासाठी थांबलेली नाही. ती शोधनासाठी थांबली आहे, जे १४ ला संपते. म्हणजे जाहिरातींना सात दिवस उशीर झाला तरी एकही पुढची तारीख हलत नाही. मुखपृष्ठ ५ ला संपते आणि छपाई २१ ला सुरू होते, म्हणजे चित्रकाराला पंधरा दिवसांची सवड आहे. अक्षरजुळणीला मात्र अशी सवड नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत सहसा सगळा वेळ जाहिरातींच्या चिंतेत जातो, आणि लेखकाला फोन करायचे राहते. कोणत्या उशिराची चिंता करायची हे तक्ता असे सांगतो.

तीन दिवसांचा उशीर

आता समजा, एक महत्त्वाचा लेख २ ऑक्टोबरला आला आणि संपादन ४ तारखेपर्यंत लांबले. तक्त्यात फक्त G6 मधला 6 पुसून 9 लिहायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही. तारखा अशा बदलतात:

| काम | आधी संपणार | आता संपणार |
|---|---|---|
| संपादन | १ ऑक्टोबर | ४ ऑक्टोबर |
| अक्षरजुळणी | १० ऑक्टोबर | १२ ऑक्टोबर |
| पहिले शोधन | १४ ऑक्टोबर | १६ ऑक्टोबर |
| मांडणी | १७ ऑक्टोबर | २१ ऑक्टोबर |
| अंतिम शोधन | १९ ऑक्टोबर | २३ ऑक्टोबर |
| छपाई | २६ ऑक्टोबर | २९ ऑक्टोबर |
| बांधणी | २९ ऑक्टोबर | २ नोव्हेंबर |
| प्रकाशन | १ नोव्हेंबर | ३ नोव्हेंबर |

तीन दिवसांचा उशीर सगळीकडे तीन दिवसांचा राहिला नाही, हे लक्षात घ्या. अक्षरजुळणीत तो दोन दिवसांचा झाला, कारण २ ऑक्टोबरची सुट्टी आधीच्या वेळापत्रकात वाया जाणारच होती. मांडणीत तो चार दिवसांचा झाला, कारण आता तिच्या वाटेत रविवार आणि दसरा दोन्ही आले. छपाई पुन्हा तीनवर आली, बांधणीत रविवार आल्याने पुन्हा चार झाले. 'तीन दिवस उशीर आहे, तर शेवटी तीन दिवस जास्त लागतील' हा तोंडी हिशेब म्हणूनच चुकतो. आणि हातचे दोन दिवस संपल्यावर प्रकाशन मंगळवारी ३ नोव्हेंबरला गेले, जेव्हा सभागृह आपले नाही.

पट्ट्या रंगवणे

हे सगळे डोळ्यांना दिसावे म्हणून उजवीकडे तारखांची पट्टी काढायची. L5 मध्ये `=MIN($I$6:$I$15)` आणि M5 मध्ये `=L5+1` लिहून तो BC5 पर्यंत उजवीकडे ओढावा. त्यात २६ सप्टेंबर ते ८ नोव्हेंबर असे ४४ दिवस मावतात. रकाने अरुंद करून फक्त दिवसाचा आकडा दाखवावा. त्यांच्या वर चौथ्या ओळीत, L4 पासून, प्रेस बंद असलेला दिवस ओळखणारा फॉर्म्युला द्यावा:

```
=IF(OR(WEEKDAY(L5)=1,COUNTIF(Suttya!$A$2:$A$10,L5)>0),1,0)
```

रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी इथे 1 येतो, एरवी 0.

आता L6 ते BC15 हा सगळा भाग निवडून त्याला अटीनुसार रंग द्यायचा. गूगल शीटमध्ये Format → Conditional formatting मध्ये जाऊन 'Custom formula is' निवडावे. एक्सेलमध्ये Home → Conditional Formatting → New Rule मध्ये 'Use a formula to determine which cells to format' निवडावे. नियम दोन आहेत आणि याच क्रमाने हवेत, कारण वरचा नियम आधी लागतो:

```
=AND(L$5>=$I6,L$5<=$J6,$F6="प्रेस",L$4=1)
=AND(L$5>=$I6,L$5<=$J6)
```

पहिल्याला फिकट करडा रंग द्यावा, दुसऱ्याला केशरी. सेलच्या वरची तारीख त्या ओळीतल्या कामाच्या सुरुवात-शेवटाच्या मध्ये असेल तर सेल केशरी होतो. पण काम प्रेसचे आणि दिवस सुट्टीचा असेल तर तो करडा होतो. छपाईची पट्टी सहा दिवसांची दिसते आणि त्यात २५ चा रविवार करडा. पाच दिवसांच्या कामाला सहा दिवस का लागले, हे विचारावे लागत नाही.

सगळ्यांची अडचण होते ती डॉलरच्या चिन्हाशी. नियम एकदाच लिहिला जातो, पण तो चारशे चाळीस सेलना लागतो. प्रत्येक सेलला आपापली तारीख आणि आपापले काम बघायचे असते. `L$5` मध्ये पाचाच्या आधी डॉलर आहे, म्हणून ओळ कायम पाचवी राहते आणि रकाना सरकतो: M मधला सेल M5 बघतो, N मधला N5. `$I6` मध्ये I च्या आधी डॉलर आहे, म्हणून रकाना कायम I राहतो आणि ओळ सरकते. डॉलर उलटे पडले तर चूक लगेच दिसते. एकही पट्टी उमटत नाही, किंवा भलत्याच जागी रंगाचे ठिपके दिसतात. तसे झाले की रंग बदलत बसू नये, डॉलर तपासावेत. निवडलेल्या भागाचा पहिला सेल L6 आहे ना, हेही पाहावे. भाग L5 पासून निवडला आणि नियम L6 चा लिहिला तर सगळ्या पट्ट्या एक ओळ वर सरकतात.

ठरलेल्या तारखेसाठी J6 ते J15 ला आणखी एक नियम द्यावा:

```
=AND($K6<>"",$J6>$K6)
```

याला लाल रंग. वरच्या उदाहरणात G6 मध्ये 9 लिहिताच नऊ ओळी खाली प्रकाशनाची तारीख लाल होते. लाल होणे हेच या तक्त्याचे खरे काम आहे. आपोआप हललेली तारीख म्हणजे मान्य झालेली तारीख नव्हे. तक्ता फक्त सांगतो की आज काही बदलले नाही, तर महिन्याने काय होईल.

लाल झाल्यावर काय करायचे

पहिला मोह असतो दिवस कापण्याचा: शोधन चारऐवजी दोन दिवसांत उरका, म्हणजे तारीख जुळेल. तक्त्यात ती जुळते, पण छापील अंकात जुळत नाही. त्याऐवजी साखळीच्या कड्या तपासाव्यात. उशीर एका लेखाचा आहे. मग सगळे लेख त्याच्यासाठी का थांबावेत?

म्हणून संपादनाची आणि अक्षरजुळणीची प्रत्येकी दोन कामे करावीत. मूळ संपादन पुन्हा ६ दिवसांचे, १ ऑक्टोबरला संपणारे. त्याच्याखाली नवी ओळ, क्रमांक ११: उशिरा आलेल्या लेखाचे संपादन, सभासद, E मध्ये २ ऑक्टोबर, ३ दिवस. अक्षरजुळणी सहा दिवसांची करावी, आधीचे काम १. तिच्याखाली क्रमांक १२: उरलेल्या लेखाची अक्षरजुळणी, प्रेस, एक दिवस, आधीची कामे २ आणि ११. शेवटी पहिल्या शोधनाच्या 'आधीचे' रकान्यात २ च्या जागी १२ लिहावे. आता बाकीच्या लेखांची अक्षरजुळणी ३ ते ९ ऑक्टोबर, उरलेला लेख १० तारखेला. शोधन पुन्हा ११ ला सुरू आणि पुढची प्रत्येक तारीख होती तिथे परत. लेख तेवढाच उशिरा आला आहे, एकही दिवस कापलेला नाही, आणि प्रकाशन १ नोव्हेंबरलाच.

नवी ओळ घालताना एक काळजी घ्यावी लागते. फॉर्म्युल्यातला `$J$5:$J5` हा पट्टा 'माझ्या वरच्या ओळीपर्यंत' असा आहे. मध्ये ओळ घातली की तिच्या लगेच खालच्या ओळीचा पट्टा वाढत नाही, नवी ओळ त्यातून सुटते. तिथे `#N/A` दिसते, किंवा त्या ओळीला नवे काम लागत नसेल तर काहीच दिसत नाही. म्हणून ओळ घातली की H6, I6, J6 पुन्हा शेवटपर्यंत खाली ओढायचे, अशी सवयच लावून घ्यावी.

तक्ता कशाने बिघडतो

सर्वांत जास्त नुकसान करते ती मदत करू पाहणारी व्यक्ती. मांडणी २१ ला संपली असे दिसले म्हणून कोणी J च्या सेलमध्ये हाताने 21 ऑक्टोबर टाइप करते. तारीख बरोबर असते, पण फॉर्म्युला पुसला गेलेला असतो. त्या क्षणापासून वरचा कुठलाही बदल तिथे येऊन थांबतो आणि खालच्या तारखा शांतपणे खोट्या राहतात. काम लांबले किंवा लवकर संपले तर G मधले दिवस बदलावेत, उशिरा सुरू झाले तर E मध्ये तारीख लिहावी. H, I, J ला हात लावू नये. गूगल शीटमध्ये Data → Protect sheets and ranges वापरून हे रकाने बंद करता येतात. शिवाय H6 ते J15 ला हा नियम द्यावा:

```
=NOT(ISFORMULA(H6))
```

फॉर्म्युला पुसला गेलेला सेल लगेच वेगळ्या रंगात दिसेल.

दुसरी गडबड तारखेच्या क्रमाची आहे. फाइलचे Locale अमेरिकेचे असेल तर 10/02 ही १० फेब्रुवारी न राहता २ ऑक्टोबर होते, आणि 26/09/2026 तर तारीखच मानली जात नाही, नुसता मजकूर होतो. मजकूर झालेली तारीख सेलमध्ये डावीकडे चिकटते, खरी तारीख उजवीकडे. शंका असेल तर रिकाम्या सेलमध्ये `=ISNUMBER(E6)` लिहावे. उत्तर FALSE आले तर ती तारीख नाही. गूगल शीटमध्ये File → Settings मध्ये Locale बदलता येते.

आणि एक गोष्ट या तक्त्याला कळतच नाही: माणसे. संपादन आणि जाहिराती एकाच वेळी चालू दाखवण्यात त्याला काही गैर वाटत नाही. पण दोन्ही कामे त्याच दोन सभासदांवर असतील तर ती खरे तर एकामागून एकच होणार. तसे असेल तर नात्याने संबंध नसला तरी एकाला दुसऱ्याचे 'आधीचे काम' करावे. आपल्या तक्त्यात जाहिरातींना 'आधीचे' म्हणून १ लिहून पाहा. त्या २ ऑक्टोबरला सुरू होऊन १३ ला संपतात, आणि मांडणी तरीही १५ लाच सुरू होते. म्हणजे त्या दोघांना सप्टेंबरअखेर जाहिरातींसाठी धावपळ करायची गरज नाही. आधी लेख पुरे होऊ द्यावेत, जाहिरातदारांकडे नंतर जावे.